टेप, बादली आणि माझी पहिली गाडी

लायसन्स मिळालं त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले आणि शेजारच्यांनी आपल्या स्कूटर दोन खांब पलीकडे नेल्या. वय अठ्ठेचाळीस, उंची जेमतेम पाच फूट, अनुभव ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा; त्यातले निम्मे ब्रेक सरांनी त्यांच्या बाजूने मारलेले.

गाडी घ्यायची म्हटल्यावर प्रत्येकाने मला त्याची स्वतःची पुढची गाडी सुचवली. धाकटे दीर सनरूफसाठी हटून बसले. मला आकाशाची काही अडचण नव्हती. बॉनेट कुठे संपतं, एवढंच कळायला हवं होतं.

मी आधी पार्किंग मोजलं. दोन खांबांमध्ये 2.3 मीटर. माहितीपत्रकातली गाडीची रुंदी आरसे सोडून असते, हे लक्षात ठेवून हिशेब केला. दिरांची लाडकी हॅचबॅक 1735 मिलिमीटर रुंद. डाव्या खांबापासून 15 सेंटिमीटरवर लावली, तर माझ्या बाजूला उरतात 41. एवढ्या फटीत आधी दार उघडायचं आणि मग त्यातून मी बाहेर यायचं. सेल्समन म्हणाला, "मॅडम, आरामात येतं." मी त्याला नीट पाहून घेतलं. दोन वेताचा माणूस! वॅगनआरची रुंदी 1620, म्हणजे मला 53 सेंटिमीटर मिळतात. बारा सेंटिमीटरचा फरक कागदावर चिल्लर वाटतो. पोट आत ओढून उभं राहिलं की त्याची किंमत कळते.

मग नजर. समोरची काच आणि दार यांच्या मधला जो तिरका खांब असतो, तो माझा जुना वैरी. शिकताना एकदा उजवीकडे वळत होते आणि समोरून येणारा स्कूटरवाला त्या खांबामागून अचानक प्रकटला. तो वेगात नव्हताच. त्याचं सरकणं आणि माझं वळणं इतकं जुळलं होतं, की सगळा वेळ तो खांबाच्या आडच राहिला. उजवा खांब डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, म्हणून तो जास्त लपवतो. पंधरा-वीस मीटरवरची अख्खी दुचाकी त्यात मावते. सरांनी तेव्हापासून वळताना मान पुढे-मागे करायला लावली. कोंबडीसारखं दिसतं, पण दिसतं! तरी खांब मुळात बारीक असेल आणि सीट वर करायची तरफ असेल तर बरं. (ही तरफ बऱ्याच गाड्यांत महागड्या मॉडेललाच देतात. बुटक्यांवरचा कर.)

मागचं बघायला मी भाच्याला बादली आणि प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन शोरूममध्ये नेलं. स्टुलावर बादली उपडी ठेवली की दोन-अडीच वर्षांच्या पोराएवढी उंची होते. मी सीटवर, तो गाडीमागे एकेक पाऊल लांब जाणारा. उतरत्या पाठीच्या त्या देखण्या गाडीतून बादली दिसायला अकरा पावलं लागली. उंच, चौकोनी गाडीतून चार. "अहो मॅडम, सेन्सर आहेत ना," सेल्समन म्हणाला. असणारच, 2019 च्या जुलैपासून नव्या गाड्यांना ते सक्तीचेच आहेत. पण सेन्सर नुसता टीं-टीं करतो. खांब आहे, मांजर आहे की दिरांचा बूट, ते मलाच बघायचं असतं.

राहिला क्लच. त्याचा पकडण्याचा बिंदू प्रत्येक गाडीत वेगळ्या ठिकाणी असतो आणि चढावर, मागे रिक्षा असताना, तो मला कधीच सापडत नाही. म्हणून एएमटी बघितली. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना गाडी किंचित मान डोलावते, कीर्तनातल्या टाळकऱ्यासारखी; त्या क्षणी पाय जरा सैल सोडला की डोलणं कमी होतं. टेस्ट ड्राइव्हला मी सपाट रस्ता नाकारून पुलाचा चढ मागितला. ब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरते का, ते तिथेच कळतं. पहिली घसरली. सेल्समनने दाराचं हँडल पकडलं. दुसरीत हिल होल्ड होतं; तिने मला दोनेक सेकंद धरून ठेवलं, तेवढ्यात उजवा पाय ॲक्सिलरेटरवर पोचला. ह्यांनी मागच्या सीटवर रामरक्षा मध्येच थांबवली, तेव्हाच माझी निवड झाली होती.

गाडी आली. पांढरी, चौकोनी, फ्रिजसारखी. पहिल्याच दिवशी डाव्या खांबापासून बरोबर 15 सेंटिमीटरवर लावली आणि उजवीकडून ऐटीत उतरले. मग डाव्या काचेवर टकटक झाली. ह्यांना उतरायला 15 सेंटिमीटर होते.

आता मी त्यांना गेटवरच सोडते. तेवढं चालणं डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलंच आहे.