0.95 म्हणजे ‘पाच टक्के बदल’ नव्हे

“मूळ फोटो आणि नंतर आलेला फोटो यांचा एसएसआयएम स्कोअर काढा. 0.95 आला तर पाच टक्के बदल, 0.99 आला तर एकच टक्का, म्हणजे फोटोला कोणी हात लावलेला नाही. स्कोअर खाली घसरला की समजा, फोटोत फेरफार झालाच आहे.”

वादळानंतर नौकांच्या नुकसानीचे पंचनामे सुरू झाले की आमच्या हर्णै-दापोलीकडच्या गटांमध्ये हा संदेश हमखास फिरू लागतो. त्यातले तिन्ही दावे चुकीचे आहेत, पण तिघांची चूक एकसारखी नाही.

टक्क्यांपासून सुरुवात करू. एसएसआयएम हा दोन फोटोंमधले साम्य मोजणारा निर्देशांक 2004 साली वँग, बोविक, शेख आणि सिमोन्सेली यांनी मांडला. फोटो दाबून लहान केला, धूसर झाला किंवा त्यात दाणे दिसू लागले, तर पाहणाऱ्याच्या नजरेला तो किती बिघडलेला वाटेल, याचा अंदाज घेणे हा त्याचा हेतू होता. त्यासाठी दोन्ही फोटोंवरून एक छोटी चौकट पिक्सेलागणिक सरकवतात. त्या चौकटीतला सरासरी उजेड, उजेडातला चढउतार आणि त्या चढउतारांची एकमेकांशी जुळणी या तीन गोष्टींवरून त्या जागेचा आकडा काढतात आणि शेवटी सगळ्या जागांच्या आकड्यांची सरासरी घेतात. बदललेले पिक्सेल यात कुठेच मोजलेले नसतात. हा आकडा उणेसुद्धा होऊ शकतो. उणे टक्के बदल म्हणजे काय, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

खरी गोम त्या शेवटच्या सरासरीत आहे. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका नौकेचा 4000 × 3000 पिक्सेलचा, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेलचा फोटो घ्या. नाळेवर निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांनी नोंदणी क्रमांक लिहिला आहे आणि त्यातला शेवटचा अंक 30 × 60 पिक्सेलचा आहे. कोणी तेवढ्या 3 चा 8 केला, बाकी कशालाही हात लावला नाही आणि फोटो पीएनजी स्वरूपात जतन केला. चौकट 7 × 7 ची असेल, तर त्या अंकाला स्पर्श करणाऱ्या चौकटी 36 × 66, म्हणजे 2,376 भरतात. त्या प्रत्येक चौकटीचा आकडा शून्य आला असे धरले, तरी एकूण स्कोअर 0.9998 राहतो, 3 आणि 8 यांचे निम्मे वळण सारखेच असल्याने प्रत्यक्षात तो त्याहूनही वर जाईल. नौका दुसऱ्याची झाली आणि स्कोअर मात्र जवळजवळ पूर्ण.

आता एखाद्या सरळमार्गी तांडेलाने फोटो अंधारा वाटला म्हणून सगळीकडे उजेड 20 पायऱ्यांनी वाढवला, असे समजा. जिथे सरासरी उजेड 255 पैकी 100 होता, तिथे तो 120 झाला. आत चढउतार तसाच आहे, तरी त्या जागेचा आकडा 0.984 येतो. नौकेखालच्या गडद सावलीत 10 चे 30 झाले, तर तोच आकडा 0.60 पर्यंत उतरतो. ज्याने काहीच लपवले नाही, त्याचा स्कोअर अंक बदलणाऱ्यापेक्षा कमी, असा उलटा न्याय होतो.

घसरलेला स्कोअर म्हणजे फेरफार, या तिसऱ्या दाव्याचे उत्तर इथेच अर्धे मिळाले. उरलेले अर्धे आकाशात आणि वाळूत आहे. सांजवेळी मोबाइलने काढलेल्या फोटोत आकाशावर बारीक दाणे असतात. संदेशातून पाठवताना ते पुसले जातात. चढउताराचे प्रमाणविचलन 5 असलेले आकाश सपाट गुळगुळीत झाले, तर तिथला आकडा 0.70 च्या आसपास येतो. डोळ्यांना मात्र फरक क्वचितच दिसतो. वाळूची तऱ्हा वेगळी. फोटो किंचित कापताना किंवा सरळ करताना एका पिक्सेलने जरी सरकला, तरी कणांचे कणांशी जुळणे तुटते आणि आकडा कोसळतो. दोन फोटोंचे माप वेगळे असेल, तर तुलना करण्यासाठी एकाचे माप बदलावे लागते, आणि त्यानेही स्कोअर उतरतो.

मग हे साधन टाकाऊ ठरते का? नाही. सरासरी बाजूला ठेवून तिच्या पोटातला नकाशा पाहावा. आधी दोन्ही फोटो एकमेकांवर नेमके बसवून घ्यावेत आणि मगच पुढचे करावे.

```python
from skimage.metrics import structural_similarity as ssim
score, m = ssim(a, b, data_range=255, full=True)
print(score, m.min())
```

इथे `a` आणि `b` हे 0 ते 255 मधले करडे फोटो आहेत आणि `m` मध्ये प्रत्येक जागेचा आकडा आहे. `data_range` म्हणजे उजेडाच्या मापाचा पल्ला; त्यात घोटाळा फार होतो. फोटो 0 ते 1 मध्ये आणलेला असताना 255 लिहिले, तर कोणतेही दोन फोटो जवळजवळ सारखे ठरतात. म्हणून मी आधी मुद्दाम दोन असंबद्ध फोटो देऊन पाहतो, एक जेटीचा आणि एक सुपारीच्या बागेचा. तिथेही 0.99 आले, तर पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही.

`m` चे चित्र काढले की फोटो दाबल्याने झालेली घसरण आकाश, वाळू, पाणी अशी सर्वत्र विखुरलेली दिसते. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत मात्र उजेडाचा चढउतार मुळातच प्रचंड असतो. प्रमाणविचलन 60 धरले आणि दाबण्याने 20 इतक्या विचरणाची चूक मिसळली, तरी तिथला आकडा 0.99 च्या वरच राहतो. म्हणून आकाशातल्या 0.70 कडे मी फारसे लक्ष देत नाही. क्रमांकावर तोच 0.70 एका ठिकाणी गोळा होऊन, सरळ कडांच्या डागासारखा दिसला, तर थांबून तो भाग मोठा करून डोळ्यांनी वाचतो. नुसत्या `m.min()` वर निवाडा करू नये, कारण एखादा चुकार पिक्सेलही तो खाली खेचतो.

नकाशालाही एक आंधळी जागा आहे. फोटो करडा करताना रंग जातो. नौकेच्या काठावरचा लाल पट्टा (200, 40, 40) कोणी गडद हिरवा (20, 95, 25) केला, तर `rgb2gray` च्या हिशेबाने दोन्हींचा उजेड सुमारे 74 भरतो आणि पट्टा बदललेला दिसतच नाही. लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही थर वेगवेगळे तपासले की तो लगेच उघडा पडतो.

पंचनाम्याच्या कागदावर एकच आकडा लिहिण्याऐवजी कोणते दोन फोटो घेतले, चौकट किती धरली, नकाशावर घसरण नेमकी कुठे आहे आणि ती जागा मोठी करून पाहिल्यावर काय दिसले, एवढे लिहावे. मूळ फोटोच हाती नसेल, तर या तुलनेला आधारच उरत नाही. अशा वेळी स्कोअरचा रकाना रिकामा सोडावा.