गोवराची लस: विषाणू जिवंत, पण आजार का नाही?

«गोवराची लस म्हणजे जिवंत विषाणूच बाळाच्या अंगात टोचतात, म्हणून तर नंतर ताप येतो. त्यापेक्षा गोवर येऊन गेलेला बरा, निसर्गाची प्रतिकारशक्ती जन्मभर पुरते. आणि लस घेतलेल्यांनाही गोवर होतोच, मग दोन-दोन डोस कशाला?»

विषाणू जिवंत असतो, हे खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. आपल्या सरकारी लसीकरणातल्या एमआर लसीत, म्हणजे गोवर-रुबेला लसीत, दोन्ही विषाणू जिवंतच असतात. प्रश्न आहे तो कसा जिवंत आहे, हा.

१९५४ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ होती. तिथल्या एडमन्स्टन नावाच्या मुलाच्या अंगातून घेतलेला विषाणू एंडर्स आणि पीबल्स या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवला. मग तो आधी माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत, मग गर्भावरणाच्या पेशींत आणि शेवटी कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवत नेला. या परक्या पेशींत रुळता रुळता त्याच्यात बदल होत गेले आणि माणसाच्या शरीरात सुसाट पसरण्याची त्याची ताकद गेली. १९६३ साली त्याच वंशातली पहिली लस अमेरिकेत मंजूर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर लस याच घराण्यातल्या एडमन्स्टन-झाग्रेब वाणाची आहे.

ही ताकद कुठे जाते, ते पाहण्यासारखं आहे. खरा गोवर श्वासातून आत येतो आणि फुप्फुसातल्या राखणदार पेशींनाच पकडतो. त्या पेशी त्याला जवळच्या लसिकाग्रंथींत नेतात, तिथे तो प्रतिकारशक्तीच्या बी आणि टी पेशींत वाढतो, रक्तातून अंगभर जातो आणि शेवटी श्वसनमार्गाच्या अस्तरातून खोकल्यावाटे बाहेर पडतो. हे सगळं होईपर्यंत शरीराची पहिली धोक्याची घंटा, इंटरफेरॉन, तो दाबून ठेवतो. म्हणूनच लागण झाल्यावर आठ-दहा दिवस बाळ वरून ठणठणीत दिसतं आणि पुरळ उठेपर्यंत दोन आठवडे होतात.

लसीतला विषाणू ही घंटा नीट दाबू शकत नाही. उजव्या दंडावर कातडीखाली अर्धा मिलिलिटर लस टोचली की तो तिथल्या पेशींत आणि जवळच्या लसिकाग्रंथीत थोडाफार वाढतो, तेवढ्यात शरीर जागं होतं आणि त्याला आवरतं. पण तेवढी वाढ हवीच असते. विषाणूच्या अंगावर जे प्रथिन असतं, ज्याने तो पेशीला चिकटतो, ते लसिकाग्रंथीतल्या असंख्य बी पेशींसमोर येतं. ज्या मोजक्या पेशींना ते ओळखू येतं, त्याच तिथे झपाट्याने वाढतात. वाढताना त्यांच्यात बारीक फरक पडत जातात आणि त्यातल्या घट्ट पकडणाऱ्याच पुढे टिकतात. त्यांतल्या काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, बनवत राहतात, काही स्मृतिपेशी होऊन थांबतात. पुढे खरा गोवर श्वासातून आला की तो पसरण्याआधीच ही प्रतिपिंडं त्याचं नेमकं ते चिकटणारं प्रथिन झाकून टाकतात. हे प्रथिन फारसं बदलूच शकत नाही, बदललं तर विषाणूला पेशीत शिरता येत नाही. म्हणून १९५४ च्या विषाणूपासून झालेली लस आजच्या गोवरावरही चालते.

आता ताप. साधारण शंभरातल्या पाच ते पंधरा बाळांना लसीनंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास ताप येतो, थोड्यांना पुसटसं पुरळही येतं. लसिकाग्रंथीतली ही सगळी धावपळ ऐन रंगात असते ती याच दिवसांत. हा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि बाळापासून दुसऱ्याला लागण होत नाही. एक मात्र आईवडिलांनी आणि डॉक्टरांनीही लक्षात ठेवावं: या दिवसांत रक्तातली आयजीएम तपासणी, म्हणजे ताज्या लागणीत बनणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी, केली तर ती लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. खरा गोवर की लसीचा परिणाम, हे ठरवायला घशातला किंवा लघवीचा नमुना घेऊन विषाणूचा जनुकीय प्रकार पाहावा लागतो. लसीचा विषाणू ‘ए’ प्रकारचा, साथीतला वेगळ्या प्रकारचा.

जिवंत लस असल्याने एक मर्यादा खरी आहे. कॅन्सरची केमोथेरपी चालू असलेलं मूल किंवा जन्मतः प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेलं मूल या दुबळ्या विषाणूलाही आवरू शकत नाही. अशा मुलांना ही लस देत नाहीत. त्यांचा बचाव मुख्यतः आजूबाजूच्या मुलांनी लस घेतल्यावर अवलंबून असतो.

गोवर येऊन गेला की जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते, हेही बरोबर. पण ती गोवरापुरती, आणि तिची किंमत बाकीच्या रोगांविरुद्धच्या स्मृतीतून वसूल होते. गोवराचा विषाणू ज्या पेशींत वाढतो, त्यांत जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशीही असतात. २०१३ च्या साथीच्या वेळी नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त आजाराआधी आणि नंतर तपासलं गेलं. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ७७ मुलांमध्ये इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. लस घेतलेल्या मुलांत असं काही आढळलं नाही. ‘गोवर निघून गेला, बाळ सुटलं’ असं घरी म्हणतात आणि महिन्याभरात तेच बाळ न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दवाखान्यात येतं. त्या आजाराचा गोवराशी संबंध कुणी जोडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लसीचा विषाणू खऱ्या गोवरासारखा अंगभर पसरत नाही, म्हणून ही जुनी आठवण शाबूत राहते.

राहिला शेवटचा मुद्दा. नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस शंभरातल्या सुमारे ८५ बाळांत लागू पडतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच बाळांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून शिल्लक असतात आणि ती लसीतल्या विषाणूला वाढूच देत नाहीत. म्हणजे त्या बाळांच्या बी पेशींचं शिक्षण सुरूच होत नाही. कधी चूक लसीच्या हाताळणीत असते. पावडर द्रावणात मिसळल्यावर कुपी थंड ठेवून चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. ती उन्हात राहिली तर विषाणू मरतो आणि बाळाला पोचतं ते नुसतं पाणी. दुसरा डोस या राहिलेल्या बाळांना पुन्हा संधी देतो, आणि दोन डोस झालेल्या शंभरातल्या सुमारे ९७ जणांना संरक्षण मिळतं.

मग लस घेतलेले रुग्ण दिसतात कसे? एका वस्तीत १०० मुलं आहेत असं धरा. ९० जणांचे दोन्ही डोस झालेत, १० जणांचा एकही नाही. गोवर सगळ्यांपर्यंत पोचला तर त्या १० पैकी ९ आजारी पडतील, ९० पैकी साधारण तीन. एकूण बारा रुग्णांत तीन, म्हणजे पाव हिस्सा, लस घेतलेले! तेवढं पाहिलं की लस कुचकामी वाटते. पण लस न घेतलेल्यांत दहातले नऊ आजारी पडले आणि घेतलेल्यांत तीसातला एक.

दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. तो राहून गेला असेल तर मुलाला पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो, त्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.