तक्रारपेटी रिकामी का राहते

कोल्हापूरच्या एमआयडीसीत, अडीचशे-पावणेतीनशे माणसांच्या एका कारखान्यात मी एचआर बघते, तिथली गोष्ट. आमच्याकडे तक्रारपेटी होती. गेटजवळ, सिक्युरिटीच्या टेबलामागे, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. किल्ली माझ्याकडे. एका सोमवारी पेटीत चिठ्ठी सापडली. नाव नव्हतं. ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या फेटलिंग विभागातून, ओव्हरटाइमबद्दल होती. "फेटलिंगला रात्रपाळीचा ओटी लागत नाही. मागच्या शनिवारी सहा जण सकाळी नऊपर्यंत थांबलो, मस्टरला सातच लावले."

मी ती चिठ्ठी मीटिंगमध्ये वाचून दाखवली. नाव नाही म्हणजे धोका नाही, असं मला वाटलं. प्लांट हेडनी फक्त एवढंच विचारलं, "शनिवारी फेटलिंगला कोण सहा होते?" संध्याकाळपर्यंत सहांतला "तो एक" कोण, हे सगळ्या शॉपला कळलं होतं. पुढच्या महिन्यात त्याची रात्रपाळी बंद झाली आणि ओटीही. त्यानंतर वर्षभर पेटीत एकही कागद पडला नाही. आमच्याकडे तक्रारीच नाहीत, असं आम्ही आढाव्यात लिहिलं. ती चूक माझी होती आणि आजही ती मला टोचते.

त्यातून मी जे शिकले ते लिहिते, कारण मध्यम आकाराच्या कंपन्यांमध्ये हेच सगळीकडे होताना दिसतं. पाच हजार माणसांच्या कंपनीत निनावी चिठ्ठी निनावी राहू शकते. अडीचशे माणसांत राहत नाही. तारीख, पाळी, विभाग, अक्षर, एखादा शब्द, एवढ्यावर माणूस ओळखला जातो. नाव झाकून भागत नाही, तपशील कोणाकोणापर्यंत जातो ते बघावं लागतं.

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती कायद्यानेच लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने ती आली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. व्यवस्थापन आणि कामगार यांचे सदस्य समसमान, संहितेप्रमाणे तीस दिवसांत निर्णय, आणि कामगारांच्या बाजूच्या अर्ध्याहून जास्त सदस्यांची संमती असल्याशिवाय तो निर्णय धरला जात नाही. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. पण समितीत आठ माणसं असतील आणि आठही जणांना नाव कळत असेल, तर ते नाव कॅन्टीनपर्यंत पोचायला दोन दिवस पुरतात.

म्हणून तक्रारींची व्यवस्था दुसऱ्यांदा बसवताना आम्ही तक्रार घेणारे आणि निर्णय करणारे वेगळे ठेवले. घेणारे दोघेच. एक मशीन शॉपमधला, कामगारांनीच निवडलेला जुना माणूस, ज्याला सगळे दादा म्हणतात. दुसऱ्या अकाउंट्सच्या ताई. एचआरचं कोणी नाही, मीसुद्धा नाही. तक्रार आली की तिला क्रमांक मिळतो. नावाचा कागद या दोघांकडच्या बंद पाकिटात राहतो. समितीपुढे क्रमांक आणि मजकूर जातो, तोही माणूस ओळखू येईल असे तपशील काढून, आणि तक्रारदाराला एकदा वाचून दाखवून.

फोन नंबर कंपनीच्या सिमचा ठेवला नाही. ईमेलही कंपनीचा नाही, कारण तो आयटीवाल्याला उघडता येतो आणि हे कामगारांना पक्कं ठाऊक असतं. पेटी काढून टाकली. लोकांना पेटीपेक्षा चहाच्या सुट्टीत दादांशी बोलणं सोपं वाटतं, शिवाय दादांशी तर रोज सगळेच बोलतात, त्यामुळे कोणी काही सांगितलं हे बाहेरून कळत नाही.

मग पुन्हा ओटीचीच तक्रार आली. या वेळी वेगळ्या विभागातून, पण मजकूर जवळपास तोच. समितीने त्या विभागाचं नावच काढलं नाही. तीन महिन्यांची सगळ्या विभागांची, सगळ्या पाळ्यांची गेटवरची पंचिंगची नोंद मागवली आणि पगारपत्रकाशी ताडून बघितली. बाहेर पडायची वेळ आणि मस्टरवरची वेळ यांत फरक निघाला, तोही एका नाही, दोन विभागांत. "उद्या लवकर सोडतो" म्हणून सुपरवायझर तास दाबत होते आणि ते लवकर सोडणं कधी व्हायचं नाही. कायद्याप्रमाणे ओटी दुप्पट दराने द्यायचा असतो, त्यामुळे रक्कम लहान नव्हती. पुढच्या पगारात ज्यांचा ज्यांचा फरक होता त्या सगळ्यांना तो मिळाला. चोवीस दिवस लागले. तक्रार कुठून सुरू झाली हे त्या सुपरवायझरला आजही माहीत नाही.

एका माणसाची तक्रार आली की ती पूर्ण कारखान्याची तपासणी म्हणून करायची, ही यातली मुख्य युक्ती. पगार, रजा, पाळ्यांचं वाटप, सेफ्टी शूज, कॅन्टीन, बहुतेक तक्रारी अशा रुंद करता येतात.

काही करता येत नाहीत. पॅकिंगमधल्या एका बाईंना सुपरवायझर रोज सगळ्यांसमोर टाकून बोलत होता. इथे चौकशी करायची तर त्याला काय झालं ते सांगावंच लागणार, कारण त्याला उत्तर द्यायचा हक्क आहे. अशा वेळी पूर्ण गुप्ततेचं आश्वासन देणं म्हणजे फसवणूक. ताईंनी त्यांना आधीच सांगितलं, "इथपर्यंत तुमचं नाव फक्त आम्हा दोघांकडे आहे. यापुढे गेलो तर त्याला कळेल. नको असेल तर इथेच थांबू." त्यांनी आठ दिवस विचार केला आणि मग हो म्हणाल्या. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती या समितीकडे नाहीच, २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाते. तिथे नाव बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे, पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत द्यावीच लागते. हे तक्रार लिहिण्याआधीच त्या बाईला माहीत असलं पाहिजे.

आणि सूड. तो कधी "तू तक्रार केलीस" असं म्हणून येत नाही. ओटी कमी होतो, नकोशी पाळी लागते, रजा अडते. म्हणून तक्रार मिटल्यावरही सहा महिने दादा आणि ताई त्या माणसाचे ओटीचे तास, पाळी आणि नामंजूर रजा दर महिन्याला बघतात. त्यासाठी त्यांना सगळ्यांचीच पत्रकं दिली जातात, म्हणजे कोणावर लक्ष आहे ते कळत नाही. एकाचे तास बावीसवरून चारवर आलेले दिसले. विभागातल्या बाकीच्यांचे पहिल्याइतकेच होते. दादांनी नाव न घेता पूर्ण विभागाचं ओटीवाटप समितीपुढे ठेवलं आणि ते आळीपाळीने करायला लावलं.

सूचनाफलकावर दर तिमाहीला काय बदललं ते लावतो. आकडे पाचच्या खाली असतील तर विभागवार देत नाही.

कंत्राटी कामगारांचं मात्र अजून जमलेलं नाही. त्यांना समिती खुली आहे, पण त्यांचा मालक ठेकेदार, आणि त्याने उद्यापासून येऊ नको म्हटलं की आमची पत्रकं काही दाखवत नाहीत, कारण त्यांची हजेरी त्याच्याच वहीत असते. नव्या करारात गेटच्या पंचिंगची नोंद आमच्याकडे राहील आणि कोणाला काढलं तर कारण लेखी द्यावं लागेल, अशी अट घालायला मी सुचवली आहे. खरेदी विभाग अजून हो म्हणालेला नाही.