पॅराबेन, काळा चौकोन आणि मावशीची क्रीम

“क्रीमच्या नळीच्या तळाशी काळा चौकोन असेल तर आत शंभर टक्के केमिकल, हिरवा असेल तर नैसर्गिक. यादीतली पहिली पाच नावे तेवढीच खरी, बाकीची नावापुरती. जे नाव उच्चारता येत नाही ते विष. पॅराबेन दिसले की कॅन्सरची क्रीम समजा आणि आजच कचऱ्यात टाका.”

असे सांगणारी, मोबाइलवर फिरणारी सहा चित्रांची मालिका गेल्या महिन्यात माझ्या मावशीपर्यंत पोहोचली. तिच्या हातांना जुना इसब आहे, हिवाळ्यात बोटांना भेगा पडतात, आणि त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली बिनवासाची क्रीम ती तीन वर्षे लावत होती. नळीवर मिथाइलपॅराबेन लिहिलेले दिसताच तिने ती टाकून दिली. मी बारा वर्षे सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते, त्यामुळे हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

चौकोनाचे प्रथम निकालात काढते. नळ्यांचे छापील पत्रे लांबच लांब गुंडाळीत येतात. कुठे कापायचे आणि नळीचे तोंड कोणत्या बाजूला ठेवून तळ दाबून बंद करायचा, हे यंत्राच्या प्रकाशसंवेदकाला त्या चौकोनावरून कळते. आमच्याकडे त्याला आय मार्क म्हणतात. पार्श्वभूमीपेक्षा तो ठळक दिसला पाहिजे, एवढीच त्याची अट असते. म्हणून पांढऱ्या नळीवर काळा किंवा निळा येतो, आणि वेष्टनाची रंगसंगती बदलली की आतला माल तोच राहूनही चौकोनाचा रंग बदलतो. वेष्टनावर पुढच्या बाजूस दिसणारा हिरवा ठिपका ही वेगळी खूण आहे. घटक प्राणिजन्य नाहीत एवढेच तो सांगतो. क्रीम सौम्य आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता पॅराबेन, कारण खरे नुकसान इथे होते. या भीतीचा उगम २००४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात आहे. स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडले, असे त्यात नोंदवले होते. त्या गाठींची निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळे गाठी झाल्या असा दावा संशोधकांनीही केला नव्हता. एखादा पदार्थ शरीरात सापडणे आणि त्याने रोग होणे यांत जे अंतर आहे, ते पुढे ढकललेल्या संदेशांत पुसले गेले.

यात एक अर्धसत्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी क्षीण क्रिया प्रयोगशाळेत दिसते, आणि युरोपीय संघाने २०१४ मध्ये त्यांची मर्यादा ०.१४ टक्क्यांपर्यंत खाली आणली. पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनांवर तर बंदीच घातली. परंतु त्याच तपासणीनंतर मिथाइल आणि इथाइल पॅराबेनची ०.४ टक्क्यांची मर्यादा कायम राहिली. मावशीच्या नळीवर होते ते मिथाइलपॅराबेन. पन्नास ग्रॅमच्या नळीत त्या मर्यादेपर्यंत जरी ते घातले, तरी ०.२ ग्रॅम होते.

ते घालतात कशासाठी, हे त्या सहा चित्रांत कुठेच सांगितलेले नाही. ज्या क्रीममध्ये पाणी आहे तिच्यात जिवाणू आणि बुरशी वाढणारच, आणि त्यांची वाढ रोखणारे परिरक्षक म्हणून पॅराबेन घालतात. खोबरेल तेलात पाणी नसते, म्हणून ते परिरक्षकाशिवाय टिकते. क्रीम टिकत नाही. नवे सूत्र तयार झाले की आम्ही त्यात मुद्दाम जिवाणू आणि बुरशी सोडतो आणि ७, १४ व २८ दिवसांनी त्यांतले किती उरले ते मोजतो. ते घटले नाहीत तर ते सूत्र बाद होते.

मावशीने नळी टाकल्यावर कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी घोटून काचेच्या बाटलीत भरले आणि ती बाटली न्हाणीघराच्या फळीवर ठेवली. नवव्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा गराला आंबूस वास येत होता आणि वर पातळ साय धरली होती. भेगांवर तेच लावल्यामुळे दोन बोटांची पेरे लाल होऊन ठणकत होती. मी थोडा नमुना आमच्या प्रयोगशाळेत नेला. एका ग्रॅममध्ये एक हजार जिवाणू ही तयार मालाची कमाल मर्यादा असते. या नमुन्याच्या थाळीवर दोन दिवसांत इतक्या वसाहती उगवल्या की त्या एकमेकींत मिसळून गेल्या आणि मोजताच आल्या नाहीत.

पॅराबेन काढून टाकल्यावर त्याच्या जागी काय येते, हा प्रश्नही कोणी विचारत नाही. लोकांच्या भीतीपोटी अनेक उत्पादक मिथाइलआयसोथायाझोलिनोनकडे वळले आणि त्याची ॲलर्जी इतकी वाढली, की संपर्कजन्य त्वचादाहावर काम करणाऱ्या अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साठी त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ घोषित केले. पुढे युरोपने त्वचेवर लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. याच संस्थेने २०१९ साठी पॅराबेनांना ‘ॲलर्जीकारक नसलेला’ पदार्थ म्हणून निवडले. ज्या परिरक्षकापासून ॲलर्जीचा धोका अगदी कमी, नेमके तेच मावशीने कचऱ्यात टाकले होते.

पहिल्या पाच नावांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही रेषा यादीवर छापलेली नसते, पण शोधता येते. मावशीने नंतर विकत आणलेल्या ‘पॅराबेनमुक्त हळदी क्रीम’च्या डबीवर पाणी, ग्लिसरीन, सिटेअरिल अल्कोहोल, सूर्यफुलाचे तेल, फिनॉक्सीइथेनॉल, कर्क्युमा लाँगा अर्क, परफ्यूम असा क्रम होता. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक आहे आणि युरोपात त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. मी हाताळलेल्या कोणत्याही सूत्रात ते याहून जास्त नव्हते. त्यामुळे त्याच्यानंतर आलेली हळद ५० ग्रॅमच्या डबीत फार तर अर्धा ग्रॅम असणार, आणि तोही अर्क असल्याने त्यातला मोठा भाग पाणी किंवा ग्लिसरीन असू शकतो. डबीच्या झाकणावर मात्र हळदीचा मोठा गड्डा छापलेला होता.

म्हणून रेषेखालचे सगळे निरुपयोगी, असेही नाही. रेटिनॉल एक टक्क्याच्या बऱ्याच खाली काम करते, आणि परिरक्षके तर तिथेच असतात. दुसरीकडे त्या यादीतले ‘अल्कोहोल’ पाहून घाबरण्याचेही कारण नाही. सिटेअरिल अल्कोहोल हा मेणासारखा पदार्थ असून तो क्रीमला दाटपणा देतो, कातडी कोरडी करणारे स्पिरिट वेगळे.

उच्चाराबद्दल एवढेच सांगते, की टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व आणि ब्युटायरोस्पर्मम पार्किआय म्हणजे शिया बटर. उलट त्या डबीवर मावशीने खरोखर थांबून वाचायला हवे होते ते नाव सर्वांत सोपे होते: परफ्यूम. त्या एका शब्दाखाली अनेक सुगंधी द्रव्ये एकत्र येतात आणि सुगंध हे प्रसाधनांतून होणाऱ्या ॲलर्जीचे एक प्रमुख कारण आहे. तिच्या डॉक्टरांनी बिनवासाची क्रीम निवडली होती ती याचसाठी. आता त्याच क्रीमची नवी नळी आणली आहे. तिच्या तळाशी काळा चौकोन आहे, यादीत मिथाइलपॅराबेन आहे, आणि परफ्यूम नाही.