शून्य शुल्काचा खर्च किती?

“परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनो, पैसे पाठवताना फक्त ‘शुल्क शून्य’ असलेला मार्ग निवडा. दर सगळीकडे सारखाच असतो, आणि ऑनलाइन पाठवले की पैसे त्याच दिवशी पूर्ण पोचतात.”
(रत्नागिरी-देवगडकडच्या पालकांमध्ये फिरणारा संदेश)

दर सारखा नसतो, आणि खरा खर्च बहुधा तिथेच दडलेला असतो. इंटरनेटवर दिसणारा मधला दर, म्हणजे चलनाच्या खरेदी आणि विक्रीच्या भावांमधला दर, ग्राहकाला सहसा मिळत नाही. पैसे पाठवणारी संस्था त्यावर आपले मार्जिन चढवते. हापूसच्या पेटीचा बागेतला आणि वाशीतला भाव पाहिलेल्याला हे नवे नाही. हिशेबासाठी युरोचा मधला दर १०० रुपये धरू आणि जर्मनीतल्या मुलीला ५,००० युरो पाठवू. शून्य शुल्काच्या मार्गाने १०२ रुपये दर लावला, तर ५,१०,००० रुपये जातात. दुसऱ्याने १००.६० रुपये दर लावून १,००० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला, तर एकूण ५,०४,१८० रुपये होतात, म्हणजे ‘फुकट’ मार्ग ५,८२० रुपयांनी महाग पडला. चलन बदलण्यावरचा जीएसटी वेगळा लागतो, पण इथे तो दोन्हीकडे साडेपाचशे रुपयांच्या आसपास असल्याने निष्कर्ष बदलत नाही.

संदेशात तथ्य आहे ते लहान रकमेपुरते. याच दरांत शुल्कातला १,१८० रुपयांचा फरक दरातल्या १.४० रुपयांनी भागला, तर सुमारे ८४३ युरो येतात. त्याहून कमी पाठवायचे असतील, तर शून्य शुल्काचा मार्गच स्वस्त. म्हणून दोन्हीकडचा दर एकाच वेळी विचारावा, आणि ‘इतके युरो पोचवायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील’ एवढेच विचारावे.

राहिला वेग. अर्ज ऑनलाइन भरला, तरी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्गे जाणारी रक्कम अनेकदा मधल्या बँकेतून जाते आणि एक ते काही कामकाजाचे दिवस घेते. शुक्रवारी संध्याकाळी, बँकेची त्या दिवसाची वेळ उलटल्यावर दिलेली सूचना सोमवारीच पुढे सरकणे साहजिक आहे. गावातल्या लहान शाखेत परकीय चलनाचे काम होत नसेल, तर परदेशी पैसे पाठवण्यासाठीचा ए-टू अर्ज मोठ्या शाखेकडे जाण्यात आणखी वेळ जातो. रक्कम अडकली, तर बँकेकडून पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत आणि यूईटीआर हा माग काढण्याचा क्रमांक मागावा.

‘पूर्ण पोचतात’ हा भाग मला सर्वांत धोक्याचा वाटतो. अर्जात खर्चाचा पर्याय ‘एसएचए’, म्हणजे खर्च पाठवणारा आणि घेणारा यांच्यात वाटलेला, असेल, तर मधली बँक आपले शुल्क रकमेतूनच कापू शकते. मग विद्यापीठाच्या खात्यात फी थोडी कमी जमा होते आणि ती अपुरी म्हणून नोंदली जाते. फी भरताना ‘ओयूआर’ निवडावा, म्हणजे ते शुल्क पाठवणाऱ्याकडून आधीच घेतले जाते. घरखर्चाच्या पैशांत मात्र हा जादा भार सोसण्याची सहसा गरज नसते.