वर एक किलो शकुनाचा

घराचा स्लॅब टाकायचा असेल आणि लोखंडाच्या बिलावर सही करायची वेळ आली असेल, तर मनःशांती टिकवण्याचे काही उपाय माझ्याकडे आहेत. ते मी गेल्या महिन्यात स्वखर्चाने मिळवलेले आहेत आणि इथे फुकट देत आहे.

आमच्या जुन्या घरावर एक खोली वाढवायची होती. स्लॅब बाहेरून बाहेर ४ मीटर बाय ५ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, एवढेच काम. कंत्राटदारांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा एक तुकडा फाडून घेतला आणि त्यावर पेन्सिलीने हिशेब केला : २१५ चौरस फूट, चौरस फुटाला सव्वा किलो, म्हणजे २६९ किलो. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, प्रसाद द्यावा तशा आवाजात म्हणाले, "वर एक किलो शकुनाचा धरा साहेब, दोनशे सत्तर." मी धरला. आपणही धरावा.

पहिला सल्ला असा, की लोखंड हे नेहमी चौरस फुटावरच मोजावे. अभियंत्याने आराखड्यात सळईचा व्यास, दोन सळयांमधले अंतर आणि सळई कुठल्या दिशेने जाते हे सगळे लिहिलेले असते. पण तो आराखडा महानगरपालिकेच्या शिक्क्यासाठी असतो, वाचण्यासाठी नव्हे, अशी श्रद्धा ठेवावी. तीच खोली, तेवढेच चौरस फूट, पण सळया १५० मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटरवर आल्या तर त्या दिशेचे लोखंड दीडपट होते. चौरस फुटाला मात्र त्याचा पत्ता नसतो आणि त्याचा सव्वा किलो दोन्हीकडे सव्वा किलोच राहतो. या अंदाजपंचे दाहोदरसे पद्धतीत हे सुख आहे.

दुसरा सल्ला : व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागण्याच्या सूत्राच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. हे सूत्र `D²/162` असे लिहितात. व्यास मिलिमीटरमध्ये घातला की एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. त्यातले १६२ कुठून आले हे कुणी सांगत नाही, म्हणून ते मंत्रासारखे वाटते; प्रत्यक्षात ती शाळेतली आकडेमोड आहे. पोलादाची घनता दर घनमीटरला ७८५० किलो धरतात, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाचा मीटरभर पोलादी तुकडा ७.८५ ग्रॅमचा भरतो. गोल सळईचा छेद व्यासाच्या वर्गाच्या ०.७८५४ पट असतो. दोहोंचा गुणाकार ६.१६५ ग्रॅम होतो, आणि हजार ग्रॅमला त्याने भागले की १६२ येतात. १० मिलिमीटरची सळई मीटरला ०.६१७ किलो आणि ८ मिलिमीटरची ०.३९५ किलो. हे दोन आकडे पाठ झाले की बिल वाचता येऊ लागते, आणि त्यानंतर झोप उडते, म्हणून ते पाठ करू नयेत.

लांबी फुटांत मोजून १६२ नेच भागावे. फुटासाठीचा भाजक ५३२ आहे हे कळू न देणाऱ्याचे वजन आपोआप तिप्पट-सव्वातिप्पट होते.

सळया मोजताना त्या ज्या दिशेने धावतात त्याच बाजूला अंतराने भागावे, पसरलेल्या आहेत त्या बाजूला नव्हे.

तिसरा सल्ला, आणि हा जरा सविस्तर सांगतो : कधीही स्वतः बसून हिशेब करू नये. मी त्या रात्री केला. आराखड्यात आखूड दिशेने, म्हणजे ४ मीटरच्या बाजूने, १० मिलिमीटरच्या मुख्य सळया १५० मिलिमीटरवर होत्या. कडेला सळईबाहेरचे काँक्रीट, ज्याला कव्हर म्हणतात, प्रत्येकी २५ मिलिमीटर सोडले की त्या पसरायला ४९५० मिलिमीटर उरतात. भागिले १५०, म्हणजे ३३ फटी. फटी ३३ असतील तर सळया ३४ लागतात, कारण कुंपणाला दहा खण असले तर खांब अकरा असतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. प्रत्येक सळईची सरळ लांबी ३.९५ मीटर. तिचे एक टोक टेक्याजवळ वर वाकवलेले, ज्याला सळया बांधणारे फिटर क्रँक म्हणतात, आणि ती टोके एकाआड एक उलटसुलट. स्लॅबच्या जाडीतून वरखालचे प्रत्येकी २० मिलिमीटर कव्हर आणि सळईचा व्यास वजा केला की ७५ मिलिमीटर उंची उरते, आणि तिरकस गेल्यामुळे वाढणारी लांबी तिच्या ०.४२ पट, म्हणजे तीन सेंटिमीटर. एकूण ३.९८ मीटर धरा. ३४ सळयांचे १३५.३ मीटर, गुणिले ०.६१७, म्हणजे ८३.५ किलो.

लांब दिशेने ८ मिलिमीटरच्या सळया २०० मिलिमीटरवर. ३९५० भागिले २०० म्हणजे पावणेवीस. फट पाऊण करता येत नाही, म्हणून २० फटी आणि २१ सळया. शिवाय दोन्ही टेक्यांजवळ क्रँक झालेल्या टोकांना वरून बांधायला पाच-पाच. अशा ३१ सळया, प्रत्येकी ४.९५ मीटर, मिळून १५३.५ मीटर, गुणिले ०.३९५, म्हणजे ६०.६ किलो.

बेरीज १४४ किलो. मी ती तीनदा केली, कारण समोर २७० लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी विचारले, तर उत्तर तयार होते : "साहेब, कटिंगमध्ये जाते ना." कटिंगमध्ये जाते हे वाक्य बांधकामावर ज्या निर्विकारपणे म्हटले जाते, त्या निर्विकारपणाने पूर्वी योगी समाधी लावत असावेत. ठीक आहे, कटिंगमध्ये किती जाते तेही पाहू. बाजारात सळई १२ मीटरची येते. ३.९८ मीटरचे तीन तुकडे ११.९४ मीटर होतात आणि उरते वीतभरसुद्धा नाही. ३४ तुकड्यांना १२ सळया पुरतात, म्हणजे ८८.९ किलो. ४.९५ मीटरचे मात्र एका सळईत दोनच तुकडे बसतात आणि दोन मीटरहून जरा जास्त तुकडा उरतो. ३१ तुकड्यांना १६ सळया, म्हणजे ७५.८ किलो. दोन्ही मिळून १६५ किलो विकत आणावे लागते, १४४ किलो स्लॅबमध्ये बसते आणि २१ किलोचे तुकडे हाती राहतात. ते तुकडे लोखंडाचेच असतात, वाफेचे नव्हेत. त्यांतून वरच्या सळया उचलून धरायच्या चेअर वाकवता येतात आणि तरीही उरलेले घरमालकाचे असतात. ते संध्याकाळी कुणाच्या मोटारसायकलला आडवे बांधून भंगारवाल्याकडे जातात, हे आपण सगळे जाणतोच. म्हणजे नासाडीसकट १६५, आणि बिल २७० चे. मधले १०५ किलो लोखंड माझ्या स्लॅबमध्ये नाही, कटिंगमध्ये नाही, जिन्याखाली नाही. ते फक्त गोणीच्या तुकड्यावर आहे, पेन्सिलीने लिहिलेले. मी खाली उतरून आलेल्या सळया मोजल्या तेव्हा १० मिलिमीटरच्या बारा आणि ८ मिलिमीटरच्या सोळाच निघाल्या, एक नग इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे फिटरला हिशेब अचूक येत होता! तो फक्त बिल लिहिताना विसरला जात होता.

चौथा सल्ला : "दहाची मिळाली नाही, आठची टाकतो, दोन मिलिमीटरने काय होते," असे कुणी म्हणाले तर मान डोलवावी. काय होते ते वर्गामुळे होते. शंभराचे चौसष्ट होतात, म्हणजे त्या दिशेचे ३६ टक्के लोखंड त्या दोन मिलिमीटरांत निघून जाते. तेवढाच छेद ठेवायचा तर अंतरही त्याच प्रमाणात उतरवून १५० चे ९६ मिलिमीटर करावे लागेल, आणि तसा बदल अभियंत्याला विचारून करायचा असतो. उलट दहाऐवजी बाराची टाकून अंतर तेच ठेवले तर वजन ४४ टक्क्यांनी फुगते आणि बिलही. मान डोलवण्याचे दोन्हीकडे सारखेच पैसे पडतात.

पाचवा सल्ला म्हणजे सळईवर १० असा उठाव दिसला की ती १० मिलिमीटरचीच मानावी. कॅलिपर लावून पाहू नये. तसाही तो वरच्या फासळ्यांवर बसतो आणि खोटे सांगतो. मी गाढवपणा केला. करवतीने बरोबर एक मीटरचा तुकडा कापून घेतला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. त्याने शेंगदाण्याचे माप बाजूला सारून काटा शून्यावर आणला आणि तुकडा आडवा ठेवला. आकडा आला ५६० ग्रॅम. ६१७ पाहिजे होते. भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे १० मिलिमीटरपर्यंतच्या एकट्या नमुन्याला ८ टक्क्यांपर्यंत कमी भरण्याची मुभा आहे, म्हणजे ५६८ ग्रॅमपर्यंत, त्याखाली नाही. ५६० ग्रॅम म्हणजे ०.५६ किलो, त्याला १६२ ने गुणून वर्गमूळ काढले तर ती सळई साडेनऊ मिलिमीटरची ठरते. डोळ्याला न दिसणारा अर्धा मिलिमीटर वजनात मात्र ९ टक्के खातो. वाण्याने विचारले, "किती किलो पाहिजे?"

आता उपरोध पुरे झाला. अहो, आपण टाइल्सच्या दुकानात तीन-तीन रविवार घालवतो, नळाचा दांडा चकचकीत की मॅट यावर घरात अबोला धरतो, आणि ज्याच्या खाली आपली मुले झोपणार त्या स्लॅबमधल्या ६५ सळया मोजायला आपल्याला दहा मिनिटे मिळत नाहीत? काँक्रीट पडल्यावर काहीही मोजता येत नाही, हे ठाऊक असून स्लॅबच्या दिवशी आपण सत्यनारायणाचा शिरा वाटत असतो. आणि कंत्राटदार महोदय, तुम्हालाही ऐकवतो : चौरस फुटाला सव्वा किलो हा हिशेब नाही, ती खिसेकापूगिरी आहे. व्यास, नग, कापलेली लांबी, एकूण मीटर आणि वजन असे पाच रकाने काढून बिल द्या, सोबत वजनकाट्याची पावती लावा, आणि हलक्या भरलेल्या त्या बारा सळया उद्या सकाळी माझ्या अंगणातून उचलून न्या. त्या बदलून येईपर्यंत सेंट्रिंग तसेच उभे राहील, आणि त्याचे भाडे तुम्ही भरा. तुमचा तो शकुनाचा किलोही त्याच गाडीत घालून न्या.