३६,००० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही

"सीईटीवाल्यांनी एवढंच पाठ करा: ३६,००० किमी उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण संपतं, म्हणून भूस्थिर उपग्रह तिथे एका जागी उभा राहतो. कुठलाही उपग्रह वर पाठवायला ११.२ किमी/से वेग लागतोच. आणि भारताचे भूस्थिर उपग्रह भारताच्या बरोबर डोक्यावर असतात."

वरच्या सल्ल्यातली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. त्यातलं पहिलं सगळ्यांत जास्त नुकसान करतं, कारण ते मनात बसलं की पुढचं एकही गणित समजून सोडवता येत नाही. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किमी दूर आहे आणि तोही पृथ्वीच्याच ओढीमुळे फिरतो. मग त्याच्या एक दशांशाहून कमी अंतरावर ती ओढ नाहीशी कशी होईल? पण याहून भक्कम पुरावा खुद्द ३६,००० या आकड्यात आहे. गुरुत्वाकर्षण तिथे काम करतं असं धरल्याशिवाय हा आकडा निघतच नाही. काढून बघू.

उपग्रह वर्तुळात फिरतो म्हणजे त्याची दिशा सतत बदलते, आणि त्यासाठी केंद्राकडे ओढणारं बल हवं. ते बल फक्त गुरुत्वाकर्षणाचं. दोन्ही समान लिहिली की मिळतं:

r³ = GMT² / 4π²

G = 6.67 × 10⁻¹¹, M = 6 × 10²⁴ किग्रॅ घेतलं तर GM = 4.0 × 10¹⁴ येतो. उपग्रह पृथ्वीबरोबर फिरायला हवा, म्हणून आवर्तकाल २४ तास, म्हणजे ८६,४०० सेकंद. किमती घातल्यावर r³ ≈ 7.57 × 10²² आणि r ≈ 4.23 × 10⁷ मीटर, म्हणजे ४२,३०० किमी. हे अंतर पृथ्वीच्या केंद्रापासूनचं आहे. त्यातून त्रिज्येचे ६,४०० किमी वजा केले की उंची ३५,९०० किमी. ही वजाबाकी घाईत राहते आणि बहुपर्यायी प्रश्नात ४२,३०० हा पर्याय त्यासाठीच ठेवलेला असतो. दुसरी चूक म्हणजे T तासांतच ठेवणं. तेव्हा r पृथ्वीच्या त्रिज्येहूनही लहान येतो, त्यावरून चूक लगेच ओळखू येते.

पुस्तकात ३५,७८६ किमी दिसलं तर गोंधळू नका. पृथ्वीचं वस्तुमान ६ पेक्षा किंचित कमी आहे, आणि ताऱ्यांच्या संदर्भात ती स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. गोळाबेरीज आकडे घेतल्यामुळे शंभरेक किलोमीटरचा फरक पडला.

आता त्या ठिकाणी गुरुत्व त्वरण किती? GM / r² = ०.२२४ मी/से². जमिनीवरच्या ९.८ च्या मानाने फार कमी, पण शून्य नाही. उपग्रहाचा वेग √(GM/r) म्हणजे ३.०८ किमी/से. ताळा म्हणून परीघ भागिले काळ करून पाहा, 2πr / T देखील ३.०८ च देतो. या वेगाने त्या वर्तुळात फिरायला लागणारं अभिकेंद्री त्वरण v² / r, आणि तेही ०.२२४. म्हणजे असलेली ओढ आणि लागणारी ओढ तंतोतंत सारखी. दर सेकंदाला उपग्रह तीन किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून सुमारे ११ सेंटिमीटर पृथ्वीकडे पडतो. असा पडत पडतच तो वर्तुळ पूर्ण करतो. आपल्याला तो उभा दिसतो, कारण आपणही त्याच कोनीय वेगाने फिरत असतो. त्याला खरोखर थांबवून सोडलं, तर तो सरळ खाली येईल आणि चार तासांहून थोड्या जास्त वेळात पृथ्वीवर आदळेल.

दुसऱ्या वाक्यातला ११.२ हा आकडा बरोबर आहे, जागा चुकली आहे. तो मुक्तिवेग आहे: पृष्ठभागावरून एकदाच वेग देऊन फेकलेली वस्तू, हवेचा विरोध नसताना, परत न येण्यासाठी लागणारा किमान वेग. उपग्रह तर पृथ्वीजवळच ठेवायचा असतो. पृष्ठभागालगतच्या काल्पनिक कक्षेसाठी क्रांतिक वेग √(gR) म्हणजे ७.९ किमी/से, आणि त्याला √2 ने गुणलं की ११.२. हे √2 चं नातं कुठल्याही अंतरावर टिकतं. उदाहरणार्थ ४०० किमी उंचीवर r = ६,८०० किमी, क्रांतिक वेग ७.६७ किमी/से, एक फेरी साधारण ९३ मिनिटांची. तिथला मुक्तिवेग १०.८५. या उंचीवर उपग्रहाला ११.२ दिला तर तो कक्षेत राहणार नाही, निघून जाईल.

चंद्रयान-३ चं उदाहरण याला नेमकं लागू पडतं. १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ या रॉकेटने ते सुमारे १७० × ३६,५०० किमीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडलं. पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी अशा कक्षेतला वेग काढला तर १०.३ किमी/से येतो, तर त्या उंचीवरचा मुक्तिवेग ११.०. पुढे टप्प्याटप्प्याने इंजिन पेटवून कक्षा लांबवली गेली आणि १ ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लागलं. चंद्रही पृथ्वीच्या ओढीच्या आतच असल्याने तिथवर जायलाही पूर्ण मुक्तिवेग लागत नाही.

मुक्तिवेगाच्या सूत्रात वस्तूचं वस्तुमान येत नाही, हेही इथेच लक्षात घ्यावं. चेंडू असो वा चार टनांचा उपग्रह, वेग तोच. ऊर्जा मात्र वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते.

राहिलं तिसरं. उपग्रहाच्या कक्षेच्या प्रतलात पृथ्वीचं केंद्र असावंच लागतं, कारण ओढ केंद्राकडे आहे. पुण्याच्या अक्षांशावरून, साडेअठरा अंश उत्तरेला, विषुववृत्ताला समांतर फिरणाऱ्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रात येत नाही, म्हणून अशी कक्षा शक्यच नाही. भूस्थिर उपग्रह फक्त विषुववृत्तावरच असतात. हवामानाची चित्रं देणाऱ्या इन्सॅट-३डीआरची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर ठरवली गेली. तिथे बरोबर खाली हिंदी महासागर येतो. पुण्याहून ती जागा दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६८ अंशांवर येते. आपल्याकडच्या घरांवरच्या डीटीएच छत्र्यांचं तोंडही त्याच कारणाने दक्षिणेच्या बाजूला असतं.

आवर्तकाल एका दिवसाचा पण कक्षा कललेली असेल, तर उपग्रह भूस्थिर नसतो. नाविक या भारताच्या दिशादर्शन प्रणालीच्या रचनेत तीन उपग्रह भूस्थिर आणि चार अशा सुमारे २९ अंश कललेल्या कक्षांत आहेत. या चौघांची उंची तीच, वेग तोच, पण जमिनीवरून ते रोज उत्तर-दक्षिण जात इंग्रजी आठाचा आकार काढताना दिसतात. म्हणून भूस्थिर उपग्रहाच्या अटी विचारल्या तर २४ तास एवढंच लिहून गुण मिळत नाहीत: कक्षा वर्तुळाकार, विषुववृत्ताच्या प्रतलात, आणि फिरण्याची दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे, हे तिन्ही लिहावं लागतं.